साखरेच्या रुपयाचे वाटेकरी

कंपनीचे नफा-तोटा पत्रक मालकाच्या खुर्चीत बसून लिहिलेले असते. विक्रीतून सगळे खर्च वजा जातात आणि शेवटच्या ओळीत मालकाचे काय ते उरते. त्या मांडणीत कामगाराचा पगार आणि गोदामातला चुना एकाच बाजूला, खर्चाच्या बाजूला असतात. १९७५ साली ब्रिटनमधील लेखापालांच्या मानक समितीने ‘द कॉर्पोरेट रिपोर्ट’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि कंपन्यांनी एक वेगळे पत्रकही द्यावे, असे सुचवले. विक्रीतून फक्त बाहेरून विकत घेतलेला माल आणि सेवा वजा करायच्या. उरते ते संस्थेने स्वतः घातलेले मूल्य. मग ते कामगार, सावकार, सरकार आणि भागधारक यांच्यात कसे वाटले गेले आणि घसारा व राखीव निधी म्हणून संस्थेत किती राहिले, ते दाखवायचे. हेच मूल्यवर्धन विवरणपत्र. आकडे तेच, हिशेबाच्या वह्या त्याच. पण पगार खर्च न राहता वाटा होतो.

ब्रिटनमध्ये ही कल्पना काही वर्षे जोरात चालली आणि ऐंशीच्या दशकात मागे पडली. बर्चेल, क्लब आणि हॉपवुड या तीन अभ्यासकांनी १९८५ साली तिचा इतिहास लिहिला. वेतनवाटाघाटी, उत्पादकतेशी जोडलेले बोनस आणि कामगारांच्या सहभागाची चर्चा यांमुळे हे पत्रक त्या काळाला हवेसे वाटले आणि राजकीय हवा बदलताच त्याची गरज कुणाला भासेना, असे त्यांनी दाखवून दिले. ब्राझीलने मात्र २००७ च्या कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ते सक्तीचे केले. आपल्याकडे काही मोठ्या कंपन्यांनी ते स्वेच्छेने छापले. सक्ती आली ती दुसऱ्याच गोष्टीची. सेबीने २०२१ साली ठरवलेला व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाल, ज्याला सगळे बीआरएसआर म्हणतात, बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बंधनकारक झाला. ऊर्जा, पाणी, उत्सर्जन, अपघात, स्त्रियांना दिलेल्या वेतनाचे एकूण वेतनातील प्रमाण, असे बरेच काही त्यात द्यावे लागते.

या दोन्ही पत्रकांविषयी बोलताना चर्चा बहुधा ‘काय मोजायचे’ यावर होते. माझे म्हणणे असे की खरा निर्णय त्याआधीच झालेला असतो: संस्थेची हद्द कुठे आखली, यात. हद्दीच्या आत असलेल्या माणसाला मिळालेला रुपया ‘वाटा’ ठरतो आणि बाहेरच्या माणसाला दिलेला तोच रुपया ‘खरेदी’ होतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याइतके स्वच्छ उदाहरण याला मिळणार नाही, कारण तिथे मुख्य पुरवठादार, म्हणजे ऊस उत्पादक, हाच सहकारी संस्थेचा सभासद आणि मालकही असतो.

एक कल्पित कारखाना घेऊ आणि हिशेब एका टन उसापुरता करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. प्रमाणांची कल्पना यावी एवढाच त्यांचा उपयोग. सव्वादहा टक्के उताऱ्याने टनामागे १०२.५ किलो साखर निघते. तिचे ३,८०० रुपये धरू. मळी आणि बगॅसवर केलेली वीज यांचे ७००. एकूण विक्री ४,५०० रुपये. उसाची किंमत ३,४०० रुपये धरू. तीत तोडणी-वाहतुकीचे ८५० आले, कारण महाराष्ट्रात ते एफआरपीतून कापून घेतले जातात आणि शेतकऱ्याच्या हाती उरलेले २,५५० पडतात. चुना, गंधक, पोती, सुटे भाग यांचे २५०. आता नेहमीच्या पद्धतीने मूल्यवर्धन काढले तर ४,५०० मधून ३,६५० गेले, उरले ८५०. त्यात कारखान्याच्या कामगार-कर्मचाऱ्यांना ३५०, बँकेला व्याज २५०, सरकारला कर ५०, घसारा १५० आणि राखीव ५०. पत्रकाखाली पाय-चार्ट छापायचा तर तो म्हणेल की निर्माण झालेल्या मूल्यातील ४१ टक्के श्रमाकडे गेले. वाचणाऱ्याला बरे वाटेल.

आता हद्द सरकवू. ऊस घालणारा सभासद आणि ऊस तोडणारी टोळी, दोघांनाही आत घेऊ. वजा जातात फक्त ते २५०. वाटपाला उरतात ४,२५०. शेतकऱ्याकडे ६० टक्के, तोडणी-वाहतुकीकडे २० आणि ज्यांचा वाटा मघाशी ४१ टक्के दिसत होता त्या पगारी कामगारांकडे जेमतेम ८. एकही रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. तोडणी-वाहतूक आणखी फोडली आणि तोडणीचे ३७०, मुकादमाच्या कमिशनचे ७५ व वाहतुकीचे ४०५ धरले, तर दिसते की हंगामात फडात राबणाऱ्या माणसांना टनामागे मिळणारी रक्कम कारखान्याच्या सगळ्या पगारपत्रकाच्या तोडीस तोड आहे. पहिल्या पत्रकात या माणसांचा उल्लेख कुठे होता? ‘कच्चा माल’ या ओळीत.

ही ओळ कशी तयार होते हे जवळून पाहण्याजोगे आहे. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी होतो. हंगामाआधी उचल दिली जाते, मुकादम टोळी जमवतो आणि मजुरीतून उचल फिटत जाते. टोळीची मोजदाद कोयत्यात होते आणि एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. गाडी वजनकाट्यावर येते, स्लिप निघते, टनावर बिल होते. बिलावर वाहन आहे, वजन आहे, ठेकेदार आहे. जोडीतल्या बाईने किती मोळ्या बांधल्या आणि डोक्यावर वाहून गाडीत भरल्या, हे कुठल्याच रकान्यात नाही. एखाद्या नोंदणीकृत साखर कंपनीने बीआरएसआरमध्ये स्त्रियांना दिलेल्या वेतनाचे प्रमाण अगदी प्रामाणिकपणे भरले, तरी ही बाई त्या टक्केवारीत येत नाही, कारण ती कुणाच्याच पगारपत्रकावर नाही. इथे खोटे काहीच लिहिलेले नसते. हद्दच तशी आखलेली असते.

पुरवठा साखळीसाठी सेबीची वेगळी तरतूद आहे, हे खरे. पण ती कशी आहे ते पाहावे. डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार मूल्यसाखळीतील भागीदार म्हणजे ज्याच्याशी कंपनीच्या एकूण खरेदी किंवा विक्रीचे किमान २ टक्के होतात तो. शिवाय ही माहिती देणे ऐच्छिक ठेवले आहे. मोटारकंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या मोठ्या कारखान्याला ही चाळणी पकडते. हजारो शेतकरी आणि शेकडो टोळ्या असलेल्या धंद्यात दोन टक्क्यांचा पुरवठादार सापडणार कुठून? पुरवठा जितका गरिबांत विखुरलेला, तितका तो अहवालातून सहज सुटतो. नियमातला हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

पाण्याच्या बाबतीतही तेच घडते. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड होऊन कंडेन्सेट मिळते आणि चांगला कारखाना तेच पाणी फिरवून वापरतो. त्यामुळे ‘आम्ही बाहेरून जवळजवळ पाणी घेत नाही’ हे विधान तांत्रिकदृष्ट्या बरोबर असू शकते. टनामागे ते पाणी साधारण ७०० लिटर. आता शेताकडे जा. पिकाला पूर्ण काळात २,००० मिलिमीटर पाणी लागले असे धरले तर हेक्टरी २ कोटी लिटर होतात. हेक्टरी १०० टन ऊस, हा चांगला उतारा मानला तरी टनाला २ लाख लिटर पडतात आणि एक किलो साखरेमागे जवळपास १,९५० लिटर. अहवाल ७०० लिटरच्या काटकसरीबद्दल पान भरून लिहितो आणि २ लाख लिटर कुंपणाबाहेर राहतात. हद्द वाढवली की चित्र किती पालटते याचा दाखला प्यूमा या क्रीडासाहित्य कंपनीने दिला आहे. २०१० या वर्षासाठी तिने आपल्या पर्यावरणीय परिणामाची किंमत १४.५ कोटी युरो काढली. त्यातले कंपनीच्या स्वतःच्या कामकाजातले केवळ ६ टक्के होते आणि निम्म्याहून अधिक कापूस, चामडे, रबर अशा कच्च्या मालाच्या मुळाशी.

यावर पहिला आक्षेप लेखाशास्त्राचाच आहे आणि तो भक्कम आहे. शेतकऱ्याचे मूल्यवर्धन ही त्याच्या शेताची गोष्ट. कारखान्यानेही ते मोजले तर दुबार मोजणी होईल. शिवाय २,५५० रुपयांत त्याचे खत, वीज, बेणे आहे. ते सगळे काही त्याचे मूल्यवर्धन नव्हे. हे मान्य. राष्ट्रीय उत्पन्न काढताना अरुंद हद्दच हवी. पण सभासदांपुढे ठेवायच्या पत्रकातून कुणी राष्ट्रीय उत्पन्न काढणार नाही. म्हणून अरुंद पत्रक तसेच ठेवून त्याखाली ‘उसाच्या टनातून कुणाला किती दिले’ असे दुसरे वाटप जोडावे आणि त्याला मूल्यवर्धन म्हणू नये. दोन पत्रके शेजारी असली की कुठलेही एक फसवू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की एफआरपी केंद्र सरकार ठरवते. जे कारखान्याच्या हातात नाही त्याला त्याने केलेले वाटप कसे म्हणावे? पण किमान दर सरकारचा असला तरी उतारा, तोडणीचा कार्यक्रम, वाहतुकीचे अंतर आणि पैसे देण्याची तारीख कारखान्याच्या कारभारावर अवलंबून असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. हे थकलेले दिवस पत्रकात आले तर कारखान्याला बिनव्याजी भांडवल कुणी पुरवले हेही कळेल. आणि ऊसदराला वाटा मानणे ही काही नवी कल्पना नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के हिस्सा उसासाठी सुचवला आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदराचा कायदा केला तो याच उत्पन्न-वाटणीच्या तत्त्वावर. कायद्याने जे आधीच वाटप मानले आहे, ते हिशेबाने खरेदी म्हणून लपवण्याचे कारण राहत नाही.

पाणी आणि आरोग्य रुपयांत मोजता येत नाही, हा तिसरा आक्षेप. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. प्यूमाची पद्धत नजर उघडणारी असली तरी एक घनमीटर पाण्याला किंवा एक टन कार्बनला कोणता दर लावला यावर तिचे सगळे उत्तर ठरते, आणि दर बदलला की उत्तर बदलते. लिटर लिटरमध्येच राहू द्यावेत, माणसे माणसांत मोजावीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली. टनामागे ३७० रुपये या आकड्यातून असले काही कधीच दिसले नसते, पत्रकाची हद्द कितीही रुंद केली तरी.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. सहकारी कारखान्यांना सेबीचा नियम लागू नाही, कारण त्यांचे शेअर बाजारात नाहीत. त्यांचा अहवाल सहकार कायद्याखाली वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जातो. गाळप, उतारा, साखर पोती यांचे तक्ते त्यात असतातच. दुसऱ्या वाटपासाठी लागणारी बहुतेक माहिती स्लिपा आणि तोडणी-वाहतुकीची बिले यांत पडून आहे. नवी जमवावी लागेल ती एकच: कोयत्यामागची दोन नावे, वेगवेगळी लिहिलेली. ती लिहिली तर मजुरी कुणाच्या खात्यात गेली हा पुढचा प्रश्न लगेच विचारता येतो, आणि बहुतेक मुकादमांचा या रकान्याला विरोध असेल तो याचसाठी.