दहा श्वास, एक मणी

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावच्या दायांसाठी एक साधं साधन बनवलं होतं. तारेवर ओवलेले मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायचं तर त्याचे श्वास मोजावे लागतात आणि अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नसत. दहापर्यंत मात्र जमे. मग दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर श्वास जास्त. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी ही मर्यादा मिनिटाला 60 ची.

शहरातल्या फ्लॅटमध्ये बाळाच्या पोटाकडे रात्रभर टक लावून बसणाऱ्या आईबापांकडे स्टॉपवॉच असतं, थर्मामीटर असतो, बाळाच्या पायात घालायचा सेन्सरवाला मोजाही असतो. दायांकडे होतं ते एकच त्यांच्याकडे नसतं: नेमकं काय बघायचं आणि किती वेळ, याची खूण. म्हणून ते पाच सेकंद बघतात, घाबरतात, मोबाइलचा टॉर्च मारतात, नाकाखाली बोट धरतात आणि शेवटी बाळाला हलवतात. बाळ रडतं. जिवात जीव येतो, पण पुढचा तास त्याला पुन्हा झोपवण्यात जातो.

घाबरण्यासारखं खरोखरच दिसतं, हेही सांगायला हवं. नवजात बाळाचा श्वास मोठ्यांसारखा एका लयीत चालत नाही. भराभर पाच-सहा श्वास, मग पाच ते दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा भराभर. डॉक्टर याला नियतकालिक श्वसन म्हणतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू 'श्वास घे' असं सांगतो, पण नवजात मेंदूचा हा हिशेब अजून कच्चा असतो. नवशिक्याच्या हातात गाडी द्यावी तसं होतं: एकदा जोरात ब्रेक, एकदा जोरात अ‍ॅक्सिलरेटर. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास थबकतो. थबकल्यावर तो पुन्हा साठतो आणि श्वास धावू लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे जास्त दिसतं. साधारण सहा महिन्यांपर्यंत ते बहुतेक ओसरतं.

त्यात भर झोपेची. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप 'जागती' असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच गुरगुर, मध्येच हातपाय झटकणं. श्वास सर्वांत अनियमित असतो तो याच वेळी. आजी म्हणते, 'सटवाई हसवतेय.' घाबरलेल्या बापापेक्षा आजीचं निदान इथे सत्याच्या जवळ जातं.

आता एक रात्र घेऊन पाहू. समजा, तीन आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं बाळ आहे. आई पंधरा सेकंद मोजते. त्यात आठ सेकंदांचा एक विराम येतो आणि सात श्वास. चारने गुणले की 28. छातीत धस्स होतं. ती पुन्हा पंधरा सेकंद मोजते, तर या वेळी 16. चारने गुणले की 64, म्हणजे आता धाप! ती तशीच मोजत राहिली असती, तर पुढच्या दोन पावांत 11 आणि 12 श्वास आले असते. पूर्ण मिनिटाची बेरीज 46. नवजात बाळासाठी 30 ते 60 चालतं. म्हणजे दोन्ही भीती गुणाकारातून आल्या होत्या.

म्हणून पूर्ण एक मिनिट मोजायचं, बाळ शांत झोपलेलं असताना. बाळ पोटाने श्वास घेतं, त्यामुळे छातीपेक्षा पोट बघावं. एकदा वर-खाली झालं की एक श्वास. अंधार असेल तर तळहात पोटावर अलगद टेकवला तरी पुरतं. आकडा 60 किंवा त्याहून जास्त आला, तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आकड्याशिवायच्या खुणाही आहेत आणि त्या लपत नाहीत. श्वासागणिक नाकपुड्या फुलणं, फासळ्यांखालची जागा खोल आत ओढली जाणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं, दूध न पिणं. हातापायांचे पंजे थोडे निळसर दिसले तर सहसा काळजी नसते. ओठ किंवा जीभ निळी पडणं मात्र वेगळं. विराम 20 सेकंदांपर्यंत लांबला, किंवा त्याआधीच बाळ निळं वा लुळं पडलं, तर तळवे आणि पाठ चोळून त्याला जागं करायचं आणि 108 ला फोन लावायचा.

मग यंत्रच का लावू नये? या प्रश्नाला एक विलक्षण इतिहास आहे. 1972 साली अल्फ्रेड स्टाइनश्नायडर या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं, की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये आधी श्वास थबकण्याचे प्रकार होतात. त्यानंतर घरोघरी श्वासाची यंत्रं लागली. त्या निबंधातली दोन बाळं एकाच घरातली होती. 1995 साली त्यांच्या आईला आपल्या पाचही मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. पुढे 2001 मध्ये हजारावर बाळांना घरी यंत्र लावून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा अगदी निरोगी बाळांतही यंत्राला 'गंभीर' वाटणाऱ्या घटना सर्रास घडताना दिसल्या. अशा अकस्मात मृत्यूपासून वाचवण्यासाठी घरी यंत्र लावू नये, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2003 मध्ये स्पष्ट केलं. डॉक्टरांनी एखाद्या विशिष्ट बाळाला यंत्र दिलं असेल, तर गोष्ट निराळी.

फरक पडला तो नजर ठेवण्याने नाही, निजवण्याच्या पद्धतीने. नव्वदच्या दशकात बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि अमेरिकेत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे बाळाच्या सुरक्षिततेचं बरंचसं काम दिवे मालवण्याआधीच उरकता येतं. पाठीवर निजवायचं. गादी टणक आणि सपाट हवी. दुलई, मऊ खेळणी, लोड बाजूला. बाळाचं अंथरूण आईच्या खोलीतच, पण वेगळं. घरात कुणी सिगारेट ओढू नये. बाळंतविड्यात हौसेने आलेली मोहरीची उशी रात्री कपाटात राहिली तर कुणाचा अपमान होत नाही.

एक धोका मात्र जागरणातूनच येतो. पहाटे चारला बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकलेला बाप पाच मिनिटांत घोरू लागतो, आणि सोफ्याच्या फटीत बाळ गुदमरू शकतं. त्यापेक्षा पाळ्या लावाव्यात. रात्री नऊ ते दोन बाबा किंवा आजी. आईने फक्त पाजायला उठायचं, ढेकर आणि लंगोट दुसऱ्याने बघायचा. दोननंतर अदलाबदल. पाळी नसलेल्याने शक्य तर दुसऱ्या खोलीत झोपावं, कारण त्याच खोलीत बाळाच्या प्रत्येक गुरगुरीला कान टवकारतातच.

काही आयांना मात्र पाळी नसताना, बाळ गाढ झोपलेलं असताना आणि मिनिटभर मोजून झाल्यावरही डोळा लागत नाही. उठून बघितल्याशिवाय राहवत नाही, छाती धडधडते, दिवसाही तेच विचार. हे दोन आठवडे चाललं, तर ती बाळंतपणानंतरची चिंता असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. बाळाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे सांगावं. रात्री बोलायला कुणी नसेल, तर 14416 या सरकारच्या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.