पैज किती रकमेची?

पैज लावणाऱ्याला सगळे विचारतात, "कोणावर लावलीस?" भांडवल टिकणार की बुडणार, हे मात्र पुष्कळदा "किती लावलीस?" या प्रश्नावर ठरते.

१९५६ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधले संशोधक जॉन केली यांनी एका निबंधात हा प्रश्न गणिताने सोडवला. त्यांच्या दाखल्यात बेसबॉलचे दोन तुल्यबळ संघ आहेत. जुगाऱ्याला निकाल खासगी तारेवरून आधीच कळतो. पण तारेत खरखर असल्याने बातमी कधी चुकते. समजा, शंभरांत ५५ वेळा ती खरी ठरते. जिंकल्यास लावली तेवढीच रक्कम वर मिळते. हाती हजार डॉलर आहेत.

पहिली रीत ठरावीक रकमेची: दर वेळी ५० डॉलर. शंभर पैजांनंतर १,५०० होतात. पण सुरुवातीलाच हार साचत गेली, तरी रक्कम आवरती होत नाही. जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या पैजा वीसने जास्त झाल्या की हात रिकामे.

दुसरी रीत टक्केवारीची: जवळ असेल त्याचे पाच टक्के. हरताना पैज आपोआप लहान होते, म्हणून भांडवल पुरते संपत नाही. त्याची किंमत थोडी असते. शेवटी साधारण १,४५५ उरतात.

ही टक्केवारी किती असावी, हे केलींची तिसरी रीत सांगते. समभावाच्या पैजेत जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करायची: ५५ उणे ४५, म्हणजे दहा टक्के. हिशेब १,६५० वर जातो. मग वीस टक्के लावले तर? तेवढ्याच ५५ विजयांनंतर उरतात ९८६. बातमी चांगली असूनही केवळ लोभाने तोटा झाला.

खरी अडचण पुढे आहे. ५५ हा आकडा आपला अंदाज असतो. नुसते नाणे उडवले, तरी शंभरांत ५५ किंवा अधिक वेळा छाप पडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. म्हणजे शंभर पैजांचा अनुभव पुरावा म्हणून अपुराच. खरी शक्यता ५२ असेल, तर दहा टक्के लावणारा ९०४ वर येतो, पाच टक्के लावणारा मात्र १,०७८ वर राहतो. म्हणून जाणकार केलींनी सांगितलेल्या हिश्श्याच्या निम्माच लावणे पसंत करतात.

शिवाय बुकी समभाव देत नाही. शंभर लावून ९१ च वर मिळणार असतील, तर नुसते बरोबरीत राहायलाही ५२.४ टक्के वेळा जिंकावे लागते. त्याहून कमी अचूक असणाऱ्याला केलींचे सूत्र किती रक्कम सांगते? शून्य.