ऑड दिसलं की शून्य? जरा थांबा!

सीईटीच्या गणिताच्या पेपरला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका गणिताला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यामुळे पाटणहून कराडला क्लासला जाताना एसटीत पुस्तक उघडणाऱ्या बारावीच्या मंडळींनो, इंटिग्रलच्या वर-खाली एकच आकडा दिसला आणि खालच्याला फक्त उणे असलं, तर लगेच सोडवायला बसू नका. आधी `x` च्या जागी `-x` टाकून बघा.

फंक्शन जसंच्या तसं राहिलं तर ते ईव्हन. त्याचा ग्राफ y-अक्षावर दुमडला की दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात, म्हणून 0 पासून वरच्या लिमिटपर्यंतचं उत्तर काढायचं आणि दुप्पट करायचं. फंक्शनचं फक्त चिन्ह उलटलं तर ते ऑड. उजवीकडे जेवढा डोंगर, डावीकडे तेवढीच दरी. बेरीज शून्य.

आता एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातलं हे गणित बघा. लिमिट `-π/2` ते `π/2`, आणि आत आहे:

`x³ + x cos x + tan⁵x + 1`

अख्खं फंक्शन ना ईव्हन, ना ऑड. म्हणून एकेक पद सुटं करायचं. `x³` ऑड. `x cos x` मध्ये ऑडला ईव्हनने गुणलंय, म्हणजे तेही ऑड. `tan⁵x` ऑड. उरला बिचारा 1, तो ईव्हन. त्याचं उत्तर `2 × π/2`, म्हणजे `π`. पर्यायांत `π` आहे, पुस्तकाचं उत्तरही तेच. झालं की!

पण खरी गंमत इथेच आहे. `tan x` म्हणजे `sin x / cos x`, आणि `π/2` ला `cos x` शून्य होतो. तिथे `tan⁵x` चा डोंगर इतक्या झपाट्याने आभाळात जातो, की त्याच्याखालचं क्षेत्रफळच अनंत होतं. डावीकडची दरीही तशीच अथांग. अनंतातून अनंत वजा केलं की शून्य उरतं, असं गणितात धरता येत नाही. काटेकोर बोलायचं तर या इंटिग्रलला उत्तरच नाही! लिमिट `-π/4` ते `π/4` घेतली असती, तर सगळं रीतसर झालं असतं आणि उत्तर आलं असतं `π/2`.

`1/x` चंही तेच. ऑड आहे, पण `-1` ते `1` मध्ये 0 येतो आणि तिथे छेद शून्य होतो, त्यामुळे उत्तर शून्य लिहायचं नाही. याउलट `x/(1+x²)` चा छेद कधीच शून्य होत नाही. तिथे बिनधास्त शून्य लिहा.

म्हणून चिन्ह तपासून झालं की एक नजर छेदावर टाका. लिमिटच्या मध्ये कुठे किंवा टोकाला तो शून्य होतोय का? पाच सेकंदांचं काम आहे. मात्र वरचं गणित पर्यायांसकट तसंच समोर आलं, तर वाद न घालता `π` वर खूण करा.