टाळ कुठं गेले?

ही गोष्ट आमच्या घरातली आहे, आणि तिची सुरुवात जरा फजितीनंच झाली.

आमची वाडी माण तालुक्यात. आषाढी एकादशीला रात्री आठ वाजता देवळात भजन असतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, पेटीवर बसतात. शेजारी पखवाज आणि मागं दहा-बारा टाळकरी. माझी थोरली बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. तिला चार वर्षांत गावी येता आलं नव्हतं. उन्हाळ्याच्या महिन्यांत तिकडचं घड्याळ आपल्या मागं साडेनऊ तास असतं. म्हणजे आपले रात्रीचे आठ, ते तिचे सकाळचे साडेदहा. मी म्हटलं, "ताई, तू तयार राहा. भजन फोनवरून दाखवतो."

अप्पांच्या समोर स्टुलावर फोन उभा केला आणि नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर ताईला जोडलं. देऊळ नुसतं दणाणत होतं. पण अर्ध्या तासानं ताईचा निरोप आला. तो वाचून मला कसंसंच झालं. तिनं लिहिलं होतं, "अप्पा एकटेच का म्हणताहेत? टाळ कुठं गेले? वाडीत कुणी उरलं नाही का?"

आता आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी, दूर दूरच्या शहरांत गेलेली. त्यामुळं ताईला ते खरंच वाटलं. तिला चित्रात टाळकरी धूसर दिसत होते, पण कानाला फक्त अप्पांचा आवाज येत होता, तोही तुटक तुटक. इकडं बारा माणसं टाळ वाजवत होती. मग तो आवाज वाटेत गेला कुठं?

टाळ म्हणजे भांडी?

आवाज हरवला नव्हता, फोनमधल्या अ‍ॅपनं तो पुसून टाकला होता. कसा, ते बघा.

कॉलची अ‍ॅप्स माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. तुम्ही मामाशी बोलताना वर पंखा घरघरतो, आई भांडी घासते, रस्त्यावरून एस.टी. जाते. मामाला हे काहीच ऐकायचं नसतं. म्हणून अ‍ॅप सारखं तपासत असतं, की यात बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला? जो गोंगाट वाटेल तो ते दाबून टाकतं. एकसारखा चालणारा सूर म्हणजे पंखा, आणि खणखण आवाज म्हणजे भांडी, असा त्याचा साधारण हिशोब. आता तुम्हीच सांगा, पेटीचा लांबवलेला सूर त्याला कसा वाटेल? आणि टाळ? बिचाऱ्या अ‍ॅपला पंढरीची वारी काय ठाऊक!

दुसरी गंमत आणखी वेगळी. पलीकडून कुणी खोकलं तरी, तो आवाज घुमून परत जाऊ नये म्हणून अ‍ॅप आपल्याकडचा आवाज क्षणभर खाली करतं. ताईची मुलं शेजारी खेळत होती. ती ओरडली की अप्पांचा अभंग मध्येच तुटायचा.

म्हणून पहिला प्रश्न अ‍ॅप निवडण्याचा. गाण्यासाठी गोंगाट दाबणं बंद करता येईल असं अ‍ॅप हवं. आम्ही झूम घेतलं. त्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओच्या भागात `Original sound` नावाची सोय आहे. तिथं ती चालू करून ठेवायची, आणि कॉल सुरू झाल्यावर पुन्हा एकदा चालू आहे का ते बघायचं. मग अ‍ॅप आवाजाची छाटणी करत नाही. आयफोनवर कॉल चालू असताना `Mic Mode` मध्ये `Wide Spectrum` निवडलं तरी असाच उपयोग होतो. झूमचा फुकटचा कॉल मात्र ४० मिनिटांत बंद पडतो. मग त्याच लिंकवरून पुन्हा जोडायचं. आम्ही तेवढ्या वेळात चहा घ्यायचं ठरवलं.

नातेवाईक पुष्कळ असतील तर यूट्यूबवर थेट दाखवता येतं. पण फोनवरून तसं करायला चॅनलचे निदान ५० सदस्य लागतात आणि पहिल्या वेळी परवानगीसाठी २४ तास थांबावं लागतं. शिवाय २०२५ सालापासून सोळा वर्षांखालच्या मुलांना एकट्यानं थेट दाखवता येत नाही, बरोबर मोठं माणूस लागतं. तिथला आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळं गप्पा होत नाहीत. ताईला अप्पांशी बोलायचं होतं, म्हणून आम्ही झूमवरच राहिलो.

शाळेच्या व्हरांड्यातला प्रयोग

पुन्हा फजिती नको म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीच्या मुलांना घेऊन एक प्रयोग केला. एक फोन व्हरांड्यात आणि दुसरा पार टोकाच्या वर्गात, दार लावून. तिथं एक मुलगी कानाला हेडफोन लावून बसली. फोनवर नुसतं रेकॉर्डिंग करून ऐकलं असतं तर आमचीच फसगत झाली असती. रेकॉर्डिंग छान येतं, कारण ते अ‍ॅपमधून जात नाही. पलीकडं काय पोचतं ते पलीकडं बसूनच कळतं.

व्हरांड्यात एक मुलगा अभंग म्हणायला लागला, दोघं टाळ वाजवायला लागले. `Original sound` चालू होतंच. थोड्या वेळानं ती मुलगी पळत आली आणि म्हणाली, "गुरुजी, आता निस्ता टाळांचा खणखणाट! गाणं ऐकूच येईना."

एक दुखणं बरं झालं आणि दुसरं निघालं! बघितलं तर फोन टाळवाल्यापासून एक हातावर होता आणि गाणारा सहा हातांवर. इथं थोडं गणित करू या. आवाज जसा लांब जातो तसा तो पसरतो आणि विरळ होतो. अंतर दुप्पट झालं तर त्याची शक्ती चौथा हिस्सा उरते, तिप्पट झालं तर नववा. मग सहापट अंतरावर? छत्तिसावा हिस्सा! म्हणजे दोघांचा जोर सारखा धरला, तरी फोनच्या कानात टाळ गाण्याच्या छत्तीस पट जड. भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळं प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, पण दिशा तीच.

आता फोन हलवला. गाणाऱ्यापासून तीन हात, टाळांपासून सहा हात. टाळ चौपटीनं हलके झाले आणि गाणं वर आलं. मुलगी दारातूनच ओरडली, "आलं, आलं!"

पण एक गोष्ट राहिली. मुलगा वरच्या सुरात गेला की आवाज खरखरायचा, कागद फाटावा तसा. याचा अर्थ फोनच्या मायक्रोफोनला तो आवाज पेलत नव्हता. बहुतेक फोनमध्ये मायक्रोफोनचा जोर कमी करायचं बटण सहजी नसतं. आपलं बटण म्हणजे अंतर. फोन एक हात मागं नेला आणि खरखर गेली. फार मागं नेला तर मात्र आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. म्हणजे 'फाटलेला' आणि 'घुमणारा' यांच्या मधली जागा शोधायची, बस्स!

जाता जाता मुलांनी आणखी एक चूक पकडली. फोनचा मुख्य मायक्रोफोन म्हणजे चार्जिंगच्या खाचेशेजारचं ते बारीक छिद्र. फोन आडवा धरला की नेमकं तिथंच बोट येतं, कधी कव्हरही येतं. आणि स्टुलावर ठेवलेल्या फोनला जमिनीचे हादरे बसतात. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवला की ते थांबतात.

पुढची एकादशी

देवळात एक अडचण आली. अप्पा देवाकडं तोंड करून बसतात. म्हणजे फोन आला देवाच्या आणि त्यांच्या मध्ये! अप्पा म्हणाले, "आरं, देव दिसला पाहिजे मला, फोन न्हाई." मग स्टूल थोडं बाजूला, पेटीपासून चार हातांवर ठेवलं. टाळकरी मागं आठ हातांवर, पखवाज पाच हातांवर. डोक्यावरचा पंखा बंद केला आणि कर्णा त्या दिवशी लावलाच नाही. फोन कर्ण्याजवळ ठेवावा असा मोह होतो, पण कर्ण्यातून पखवाजाची 'धूम', म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा खोल घुमारा, येतच नाही.

आमच्याकडं रेंज डोंगराच्या मर्जीवर. म्हणून चित्राचा हिशोब केला. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला एक मेगाबिट जात असेल तर तासाला ३६०० मेगाबिट, भागिले आठ, म्हणजे ४५० एमबी. नुसता चांगला आवाज पाठवला तर त्याच्या दहाव्या हिश्शातच भागतं. तेव्हा ठरवलं, की आवाज तुटायला लागला तर चित्र बंद करायचं. आणि मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून चित्रण करणारा फोन विमान मोडवर टाकून त्याचं वायफाय चालू केलं. इंटरनेट घेतलं दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून.

ताईलाही दोन गोष्टी सांगितल्या होत्या. स्वतःचा माइक बंद ठेव, आणि हेडफोन लाव, कारण फोनच्या इवल्याशा स्पीकरला पखवाजाची धूम वाजवताच येत नाही. तिनं कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती.

रूपाचा अभंग झाला, भजन रंगलं. वीस मिनिटांनी चित्र अडखळायला लागलं. मी कॅमेरा बंद केला, आवाज चालू राहिला. चाळीस मिनिटांनी कॉल बंद पडला, चहा झाला, पुन्हा जोडला. तेव्हा ताईनं माइक उघडला. ती लगेच बोलेना. मग म्हणाली, "अप्पा, उजवीकडचा एक टाळ जरा मागं पडतोय. काकांचाच ना?"

काका खजील होऊन हसले. सगळं देऊळ हसलं. अप्पांनी पेटीवर हात ठेवला आणि काकांना म्हणाले, "बघ, अमेरिकेतनं ऐकू गेलं. आता नीट वाजीव."

घरी करून बघा

दोन फोन घ्या. एक गाणाऱ्याजवळ आणि एक लांबच्या खोलीत, हेडफोन लावलेल्या भावंडाकडं. मोठ्यांना सांगून कॉल लावा. एकानं गावं आणि एकानं वाटी-चमचा वाजवावा. आधी गोंगाट दाबणं चालू ठेवून ऐका, मग बंद करून. नंतर फोन एक, तीन आणि सहा हातांवर ठेवा. वाटी कधी गायब होते, कधी गाण्यावर चढते आणि कधी दोघं बरोबर ऐकू येतात, ते वहीत लिहा. जी जागा सापडेल तिथं खडूनं खूण करा, म्हणजे भजनाच्या दिवशी घाई होणार नाही.