पक्कं बिल आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलं की काही दुकानांत हळूच विचारतात, ‘बिल पाहिजे का?’ समजा कार्ड 35,000 रुपयांचं आहे. 18 टक्के जीएसटी धरून ते 41,300 ला पडतं. म्हणजे बिल नको म्हटलं तर 6,300 रुपये वाचतात, आणि कॉलेजातल्या पोराला ते मोहात पाडायला पुरेसे असतात. वर दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर ‘तीन वर्षं वॉरंटी’ असं लिहूनही देतो. पण वॉरंटी दुकानाची नसते, कंपनीची असते, आणि तिच्या सर्व्हिस सेंटरला ती चिठ्ठी चालत नाही.

पक्कं बिल घेतलं तरी ते नीट वाचून घ्यावं. त्यावर नुसतं ‘ग्राफिक्स कार्ड, नग 1’ असेल, तर ते बिल नेमकं याच कार्डाचं आहे हे कशावरून? हे सांगतो तो सिरियल नंबर. तो बिलावर छापून घ्यावा, निदान हाताने लिहून त्यावर दुकानाचा शिक्का मारून घ्यावा. अख्खा पीसी जोडून घेतला असेल तर ‘असेंबल्ड पीसी, नग 1’ अशी एका ओळीची बिलं सर्रास मिळतात. ती नाकारावीत. कार्डाला तीन वर्षं, एसएसडीला पाच, माउसला एखादं वर्ष अशी प्रत्येक भागाची मुदत वेगळी असते आणि दावाही त्या त्या कंपनीकडे करायचा असतो. बिलात भाग वेगळे दिसले नाहीत, तर कुठल्याच कंपनीपुढे ते धड उभं राहत नाही.

ऑनलाइन खरेदीत लोक ‘ऑर्डर मिळाली’ अशा ईमेलवर विसंबतात. ती ईमेल म्हणजे बिल नव्हे. बिलाची पीडीएफ बहुधा माल निघाल्यावर तयार होते. ती लगेच उतरवून घ्यावी. ऑर्डर कॉलेजच्या ईमेलवरून केली असेल, तर पदवीनंतर तो पत्ता बंद होईल हेही ध्यानात असू द्यावं. या बिलावर सिरियल नंबर अनेकदा नसतो. म्हणून कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्याच्या पाठीवरचं स्टिकर, खोक्यावरचं स्टिकर आणि बिल यांचा एकत्र फोटो काढावा. लॅपटॉपचा किंवा एसएसडीचा नंबर नंतर विंडोजमधूनही मिळतो, पण घरगुती ग्राफिक्स कार्ड सहसा स्वतःचा नंबर सॉफ्टवेअरला सांगत नाही. मग तो बघायला स्क्रू काढून कार्ड बाहेर घ्यावं लागतं.

खरा गोंधळ होतो तो बदलीच्या वेळी. दोन वर्षांनी पडद्यावर रंगीत चौकटी दिसायला लागल्या, कार्ड सर्व्हिस सेंटरला दिलं आणि दुरुस्त न करता त्यांनी दुसरं दिलं. आता हातातल्या कार्डाचा नंबर एक आणि बिलावरचा भलताच. मुदत मात्र सहसा मूळ खरेदीपासूनच मोजतात, म्हणजे बदली कार्डाला उरलेलं एकच वर्ष. तेही बिघडलं तर दोन नंबरांना जोडणारा पुरावा एकच, सर्व्हिस सेंटरची बदलीची पावती. तिच्यावर जुना आणि नवा असे दोन्ही नंबर आहेत ना, हे काउंटरवरच बघावं आणि ती बिलाला टाचून ठेवावी. फेकला जातो तो नेमका हाच कागद.

विम्याकडे येऊ. 2021 पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विम्यात आग, पूर यांनी झालेलं सामानाचं नुकसान येतं. चोरी मात्र अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झाली तरच मूळ पॉलिसीत धरतात; एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेतलं असेल तर पोलिसांकडच्या तक्रारीत ‘एक गेमिंग कॉम्प्युटर’ एवढंच न लिहिता भागांचे नंबर लिहावेत. माल कधी सापडलाच तर तो तुमचा हे त्यावरूनच ठरेल. बिलाचे फोटो त्याच चोरीला गेलेल्या कॉम्प्युटरवर ठेवण्यात अर्थातच काही हशील नाही.

जुनं कार्ड विकताना बिल असलं की भाव चांगला येतो, कारण चोरीचा माल गळ्यात पडण्याची धास्ती घेणाऱ्यालाही असते. तरी वॉरंटी त्याच्याकडे जाईलच असं नाही. काही कंपन्या ती नंबराला देतात, काही फक्त पहिल्या ग्राहकाला. अट वाचूनच जाहिरातीत लिहावं. जाहिरातीच्या फोटोत सिरियल नंबर, घरचा पत्ता आणि फोन झाकावेत. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरं अनेकदा तशीच राहतात आणि कॉपी करता येतात. त्यापेक्षा पट्टी ओढलेल्या पानाचा स्क्रीनशॉट टाकावा. सौदा ठरला की मूळ बिल आणि बदलीची पावती दोन्ही घेणाऱ्याला द्यावी, आणि तारीख, रक्कम व नंबर लिहिलेल्या कागदावर त्याची सही घेऊन तो आपल्याकडे ठेवावा.