विक्रीची पीपीटी: क्रम चुकला की खरा आकडाही पटत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम फाउंड्री घेऊ. मोल्डिंग मशीन, कोअर शूटर, फेटलिंगमधले ग्राइंडर, सगळे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते. ही हवा पाइपच्या जोडांतून, कपलिंगमधून, जुन्या होजमधून दिवसरात्र गळत असते. गळती शोधून बंद करण्याचा वार्षिक करार विकणारी एक कंपनी या फाउंड्रीत पीपीटी दाखवायला आली आहे. उदाहरण या लेखासाठी रचलेले आहे, पण अशी पीपीटी औद्योगिक विक्रीत वावरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते.

पीपीटी 22 स्लाइडची आहे. पहिल्या पाच स्लाइडमध्ये कंपनीची स्थापना, संचालक, कार्यालये, प्रमाणपत्रे. सहावीवर ग्राहकांचे लोगो. मग आठ स्लाइडभर उपकरणाची माहिती: अल्ट्रासॉनिक डिटेक्टर, फ्लो मीटर, मोबाइल ॲप, अहवालाचे नमुने. पंधराव्या स्लाइडला ‘हवेची गळती’ हे शब्द प्रथम येतात. विसाव्या स्लाइडवर ‘30 टक्क्यांपर्यंत बचत’, एकविसाव्यावर दर आणि शेवटी ‘धन्यवाद’. यातली माहिती खोटी नाही. ती ज्या क्रमाने येते तो क्रम चुकला आहे, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: आधी स्वतःची नीट ओळख दिली की विश्वास बसतो.

समोर मेंटेनन्स हेड बसलेले असतात. पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: या माणसाला माझा प्लांट कळला आहे का? स्थापनेचे साल आणि आयएसओ प्रमाणपत्र या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. त्यांच्या प्लांटमधली अडचण नेमकेपणाने मांडली, तर ते उत्तर मिळते आणि विश्वास तिथूनच सुरू होतो. कंपनीची ओळख टाकून द्यायची नाही. ती पुराव्यानंतर एका स्लाइडवर आणायची आणि तिथे कामाचे तेवढेच लिहायचे: तपासणीला कोण येणार, किती जण येणार, बिघाड झाला तर कुठून आणि किती वेळात पोहोचणार. बाकीचे परिशिष्टात. पर्चेसने प्रमाणपत्र मागितले तर ते तिथून दाखवता येते.

गैरसमज: समस्या ग्राहकाला माहीतच असते, तिच्यावर वेळ घालवू नये.

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. हवा गळते हे फाउंड्रीत सगळ्यांना माहीत असते. पाळी संपून मशीन थांबली की फुसफुस ऐकू येते. माहीत नसते ते त्या आवाजाचे रुपयांतले मोल. ‘गळती आहे’ हे ज्ञान असूनही कोणी हालचाल करत नाही, कारण वीजबिलात गळतीची वेगळी ओळ नसते.

तो आकडा काढायची साधी चाचणी आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मार्गदर्शक पुस्तकांतही ती दिलेली आहे. हवा वापरणारी सगळी मशीन बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. तो किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोडवर, हे काही फेऱ्या घड्याळ लावून मोजायचे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागून शंभराने गुणले की गळतीची टक्केवारी मिळते. विक्रेत्याने प्लांट पाहायला गेल्यावर, मेंटेनन्सची परवानगी घेऊन, जेवणाच्या सुट्टीत हे केले आणि सरासरी 45 सेकंद लोड, 105 सेकंद अनलोड अशी वेळ आली असे धरू. 45 भागिले 150, म्हणजे 30 टक्के.

कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर 40 किलोवॉट घेतो, दोन पाळ्यांत वर्षाला 4,800 तास चालतो, युनिटचा दर 9 रुपये. तर गळणारी हवा तयार करायला लागणारी वीज 12 किलोवॉट, वर्षाला 57,600 युनिट, म्हणजे 5,18,400 रुपये. पहिली स्लाइड हीच. शीर्षक: ‘तुमच्या कॉम्प्रेसरची 30 टक्के हवा गळतीत जाते’. खाली चाचणीची तारीख, वेळा आणि वेळ नोंदवताना हजर असलेल्या त्यांच्याच माणसाचे पद.

इथे एक सावधगिरी हवी. फाउंड्रीत धूळ ओढणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या बहुधा हवेच्या झटक्यांनी साफ होतात. तो फिल्टर सुट्टीतही चालू राहिला तर त्याची हवा गळतीत मोजली जाते आणि आकडा फुगतो. मेंटेनन्स हेडना हे क्षणात कळते. म्हणून समस्येच्या स्लाइडवर चाचणीच्या वेळी काय काय बंद होते हेही लिहायचे. कॉम्प्रेसर व्हीएफडीवर चालणारा असेल तर ही लोड-अनलोडची पद्धत लागू पडत नाही. तिथे फ्लो मीटर लावून मोजावे लागते.

गैरसमज: उपाय म्हणजे आपल्याकडे जे जे आहे ते सगळे.

आठ स्लाइडची उपकरणमाहिती इथूनच येते. मागच्या स्लाइडने उभ्या केलेल्या प्रश्नाला जे उत्तर देते तेवढेच उपायात बसते. प्रश्न 30 टक्के गळतीचा आहे, म्हणून उपाय तीन वाक्यांत मावतो: डिटेक्टरने गळतीच्या जागा शोधून प्रत्येकीला क्रमांकाचा टॅग लावणे, मोठ्या गळतीपासून सुरुवात करून दुरुस्ती करणे, आणि गळती परत वाढते म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजणे. मोबाइल ॲप कितीही देखणे असले तरी या तीन वाक्यांत त्याला जागा नसेल, तर त्याची जागा परिशिष्टात.

उपायाच्या स्लाइडवरचा आकडा समस्येच्या स्लाइडवरून हिशेबाने निघाला पाहिजे, आणि इथेच बहुतेक पीपीटी घसरतात. 5,18,400 रुपये जातात असे दाखवून लगेच ‘एवढे वाचवा’ म्हणणे चूक आहे. एक तर गळती शून्य होत नाही. 30 टक्क्यांवरून 10 वर आणली तरी काम चांगले झाले म्हणायचे. दुसरे, साधा लोड-अनलोड कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही पूर्ण लोडच्या साधारण 30 टक्के वीज घेतो. म्हणजे लोडची वेळ घटली तरी तेवढ्या वेळेची सगळी वीज वाचत नाही, साधारण 70 टक्केच वाचते. हिशेब असा: 40 किलोवॉटचे 20 टक्के म्हणजे 8, त्याचे 70 टक्के म्हणजे 5.6 किलोवॉट. 4,800 तासांत 26,880 युनिट, म्हणजे 2,41,920 रुपये.

आकडा निम्म्याहून खाली आला. तरी स्लाइडवर हाच लिहावा, वजावटींसकट. मेंटेनन्स हेडना अनलोडची वीज माहीत असते. विक्रेत्याने ती आपणहून वजा केलेली दिसली की पुढची प्रत्येक ओळ ते वेगळ्या नजरेने वाचतात. फुगवलेला आकडा त्यांनी खोडला, तर मग खराही आकडा कोणी ऐकत नाही.

गैरसमज: मोठ्या ग्राहकांचे लोगो हाच पुरावा.

लोगो एवढेच सांगतात की त्या कंपनीने कधीतरी काहीतरी घेतले. फाउंड्रीच्या मालकाला दुसरेच हवे असते: माझ्यासारख्या प्लांटमध्ये, तेवढ्याच आकाराच्या कॉम्प्रेसरवर, आधी किती आणि नंतर किती? म्हणून पुराव्याच्या स्लाइडवर एकच प्लांट घ्यावा. दुरुस्तीआधीची लोड-अनलोडची वेळ, नंतरची वेळ, दोन्ही वेळचा प्रेशर सारखाच होता ही नोंद, आणि वेळ कोणी मोजली. प्रेशरची नोंद महत्त्वाची, कारण प्रेशर कमी केला की गळतीही आपोआप घटते आणि श्रेय दुरुस्तीला जाते. संबंधित ग्राहकाची परवानगी नसेल तर नाव न देता ‘याच भागातील फाउंड्री’ इतके पुरते, पण आकडे खरे हवेत. आणि मोजमाप एकाच पद्धतीचे असावे. समस्या वेळ मोजून दाखवली असेल तर पुरावाही वेळ मोजूनच दाखवायचा. नाहीतर वाचणाऱ्याला दोन स्लाइड जोडता येत नाहीत.

अजून कोणत्याच फाउंड्रीत काम झालेले नसेल तर? मग पुरावा उसना आणू नये. मागणी लहान करावी.

गैरसमज: मागणी करणे अशोभनीय, दर सांगून धन्यवाद म्हणावे.

‘धन्यवाद’ या स्लाइडनंतर ‘कळवतो साहेब’ एवढेच उत्तर मिळते, कारण काय कळवायचे हेच कोणी विचारलेले नसते. मागणी पुराव्याच्या वजनाची असावी. आकडे भक्कम असतील तर 1,20,000 रुपयांचा वार्षिक करार मागता येतो. 2,41,920 च्या बचतीत तो सुमारे सहा महिन्यांत वसूल होतो, आणि हे वाक्य दराच्या शेजारीच लिहावे. पुरावा कच्चा असेल तर एका कॉम्प्रेसरच्या लाइनवर एक महिन्याचे काम मागावे, त्याच चाचणीने पुन्हा मोजून पैसे देण्याच्या अटीवर. दोन्ही वेळा स्लाइडवर चार गोष्टी असाव्यात: कोणाची मंजुरी, कोणत्या तारखेपर्यंत, ग्राहकाने काय द्यायचे (साप्ताहिक सुट्टीत प्रवेश, मेंटेनन्सचा एक माणूस), आणि किती रुपये.

गैरसमज: समस्या, उपाय, पुरावा, मागणी हा साचा स्टार्टअपवाल्यांनी आणला.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे ॲलन मन्रो यांनी 1930च्या दशकातच मन वळवणाऱ्या भाषणासाठी लक्ष वेधणे, गरज, तिची पूर्तता, परिणामाचे चित्र आणि कृती असा क्रम मांडला होता. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न ज्या ओळीने येतात तीच ती ओळ. मात्र ती सगळीकडे चालत नाही. टेंडरमध्ये खरेदीदाराने दिलेलाच क्रम पाळायचा. ग्राहकाने स्वतः एनर्जी ऑडिट करून घेतले असेल तर समस्येला एक स्लाइड पुरे. आणि मालकाकडे दहाच मिनिटे असतील तर मागणी आणि परतफेड पहिल्या स्लाइडवर एका ओळीत सांगून मग समस्येकडे वळावे.

या क्रमाने पुन्हा मांडल्यावर फाउंड्रीसाठीच्या पीपीटीत नऊ स्लाइड राहिल्या. क्रम जमला का हे तपासायला पॉवरपॉइंटमध्ये View मधून Slide Sorter उघडा आणि फक्त शीर्षके ओळीने मोठ्याने वाचा. दोन शीर्षकांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला पाहिजे. ‘आणि शिवाय’ म्हणावे लागले तर ती स्लाइड चुकीच्या जागी आहे किंवा नकोच आहे. ‘आमची वैशिष्ट्ये’ यासारखे शीर्षक या तपासात लगेच उघडे पडते, कारण ते काहीच विधान करत नाही.

आणि जुनी पीपीटी दुरुस्त करायला बसाल तेव्हा पहिल्या स्लाइडपासून सुरुवात करू नका. आधी मागणीची स्लाइड लिहा. मग ती मान्य करायला कोणता पुरावा लागेल, तो कोणत्या उपायाचा, आणि तो उपाय कोणत्या मोजलेल्या समस्येचा, असे मागे मागे या.