शनिवारच्या गेम क्लबसाठी मुख्याध्यापकांना पत्र

मोबाइल गेम बनवायचा क्लब सुचवणाऱ्या पत्रात शिक्षकाने उद्दिष्टांची यादी आवरती घ्यावी. मुख्याध्यापकांना आधी हवे असते ते यंत्रे, वेळ आणि जबाबदारी यांचे उत्तर. म्हणून पत्रात साधनाचे नाव हवेच. एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्राम तयार होतो. त्यामुळे संगणक कक्षातील साधे संगणकही पुरतात.

पहिला गेम छोटा ठेवावा: पडद्यावर उंदीर दर अर्ध्या सेकंदाला जागा बदलतो, बोट लागले की गुण वाढतो. त्यासाठी कॅनव्हास, चित्र आणि घड्याळ हे तीन घटक लागतात. घड्याळाचा अंतराल ५०० मिलिसेकंद असतो. तो वाढवला की खेळ सोपा होतो, आणि मुले हे लगेच करून पाहतात.

अडचण बहुधा नेटवर्कची येते. चाचणीसाठी फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर लागतात. क्यूआर कोड स्कॅन होऊनही गेम उघडत नसेल, तर शाळेचे नेटवर्क दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नसल्याची शक्यता मोठी. पत्र देण्यापूर्वीच ही चाचणी करावी आणि पर्याय म्हणून यूएसबी केबलचा उल्लेख करावा. फोन शाळेचा की पालकांचा, शनिवारी कक्षाची किल्ली कोणाकडे, हेही त्यातच लिहावे.